वारसांच्या यादीत न दिसणारी भावंडं: जन्माचा खरा क्रम कसा लावावा

वंशावळ तयार करताना बहुतेक जण वारस फेरफार किंवा शिधापत्रिका समोर ठेवतात आणि त्यात जी नावं ज्या क्रमाने आहेत, तीच भावंडं आणि तोच जन्मक्रम असं धरून चालतात. त्या यादीत फक्त त्या दिवशी हयात असलेली माणसं असतात. तान्हेपणी गेलेली मुलं तिथे नसतात, आणि तरुणपणी लग्नाआधी गेलेला भाऊही नसतो. अशा यादीवरून ‘थोरला’ ठरवलेला माणूस प्रत्यक्षात तिसरा किंवा चौथा निघू शकतो.

हा लेख नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यात साधारण १९३० ते १९५० या काळात जन्मलेल्या भावंडांबद्दल आहे. त्या काळाचा मुख्य आधार म्हणजे कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाने लिहिलेली जन्म-मृत्यूंची वही. शहरातले जन्म असतील तर तेव्हाच्या नगरपालिकेच्या आणि १९५१ पासून महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी पाहाव्या लागतात, पण जुळवणीची रीत तीच राहते. खाली एक नमुना कुटुंब शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे. त्यातली माणसं काल्पनिक आहेत, पण नोंदींची अडचण मात्र नेहमी पडते तशीच आहे.

## तयारी: तहसिलीत जाण्याआधी

चार गोष्टी कागदावर पक्क्या करा.

पहिली, वडिलांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मध्य प्रांताच्या जुन्या कागदांत ‘गणपत वल्द तुकाराम’ अशी नोंद असते. ‘वल्द’पुढचं नाव माहीत नसेल, तर एकाच गावातले दोन गणपत तुम्हाला वेगळे करता येणार नाहीत.

दुसरी, आईचं माहेर: गाव आणि तहसील दोन्ही. तिथले तिचे वडील आणि भाऊ कोण, हेही लिहा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत या शोधात फार महत्त्वाची आहे.

तिसरी, शोधाची वर्षं. आईच्या लग्नापासून तिच्या वयाच्या पंचेचाळिशीपर्यंतची सगळी वर्षं धरा. लग्नाचं साल ठाऊक नसेल तर हयात मुलांतल्या सर्वांत मोठ्याच्या जन्माच्या दहा वर्षं आधीपासून सुरुवात करा. हयात मुलांच्या पहिल्या आणि शेवटच्या जन्माच्या मधलीच वर्षं पाहणं ही सर्रास होणारी चूक आहे. गेलेलं मूल पुष्कळदा पहिलंच असतं.

चौथी, वडिलांना दुसरी बायको होती का. कोतवाल बुकात बहुधा बापाचंच नाव असतं, आईचं नसतं. दोन बायका असतील तर दोघींची मुलं एकाच नावाखाली मिसळलेली मिळतात.

एक लांब कागद आडवा घ्या आणि त्यावर सहा रकाने आखा: तारीख, जन्म की मृत्यू, मुलगा की मुलगी, वय, गाव, नोंदीचा पान आणि अनुक्रमांक. पुढचं सगळं काम याच कागदावर होणार आहे.

## १. हयातांची यादी नीट वाचा

वारस फेरफार गाव नमुना ६ मध्ये मिळतो. त्यात वडिलांच्या मृत्यूची तारीख आधी पाहा, कारण यादी त्या दिवसापुरती आहे. मृत्यू १७ जून १९५६ च्या आधीचा असेल, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होण्यापूर्वीचा, तर मुलगे असताना मुलींची नावं बहुधा आलेलीच नसतात. त्यानंतरचा असेल तर मुली यायला हव्यात, पण त्या वगळलेल्याही आढळतात.

बापाआधी गेलेला विवाहित मुलगा असेल, तर त्याची विधवा किंवा मुलं वारस म्हणून दिसतात. त्यावरून तो मुलगा होता एवढं कळतं. पण तो लग्नाआधी वारला असेल तर त्याचा मागमूसही राहत नाही.

आपल्या नमुना कुटुंबात गणपत वल्द तुकाराम १९७१ मध्ये वारला. फेरफारात चार नावं आहेत: विधवा जनाबाई, मुलगे उकंडराव आणि रामदास, मुलगी कौसल्या. घरातली समजूत अशी की उकंडराव थोरला.

सावधान: फेरफारातला क्रम हा जन्मक्रम नसतो. मुलगे आधी आणि मुली नंतर लिहिण्याची पद्धत आहे. नावापुढचं वय अंदाजे सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यावरून वजाबाकी करून जन्मसाल काढू नका.

## २. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा

हे कागदांच्या आधी करायचं, कारण कोतवाल बुकात काय शोधायचं ते इथे ठरतं. सासरच्या घडामोडी आत्याला ठाऊक असतात आणि माहेरच्या बाळंतपणांची आठवण मावशीला असते. दोघींना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की एक सांगते आणि दुसरी मान डोलावते.

‘मुलं किती?’ असं विचारलं की जगलेल्यांचाच आकडा मिळतो. म्हणून ‘बाळंतपणं किती झाली?’ असं विचारा. मग एकेका मुलाचं नाव घेऊन पुढे जा: ‘उकंडरावच्या आधी कोण होतं?’, ‘कौसल्येच्या पाठीवर कोण झालं?’ या प्रश्नाला गेलेलं मूल आपोआप मध्ये येतं. ‘दोन्ही वेळी जनाबाई कुठे होती, इथे की माहेरी?’ हेही लगेच विचारून घ्या. आई स्वतः हयात असेल तर तिला हे एकट्यात आणि सावकाश विचारा. तिला नको असेल तर विषय तिथेच थांबवा, कागदांतून बरंच निघतं.

सालं सणांवरून आणि घटनांवरून येतात. ‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रामदास पोटात होता’ किंवा ‘बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तो शाळेत जात होता’ अशी खूण पक्की असते, कारण १५ ऑगस्ट १९४७ आणि १४ ऑक्टोबर १९५६ या तारखा ठरलेल्या आहेत. ‘पोळ्याच्या पाडव्याला झाला’ ही खूण अर्धी आहे. पोळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येतो, म्हणून त्या सालचं पंचांग पाहिल्याशिवाय तारीख लिहू नका.

नावंही काही सांगतात. उकंडा, कचरू, धोंडू, दगडू, भिकाजी अशी नावं आधीचं मूल गेल्यावर पुढच्याला ठेवण्याची चाल होती. उकंडराव हे नाव पाहिलं की त्याच्या आधी एखादं मूल गेलं असावं, असा संशय धरून शोधा. पण तो पुरावा मानू नका, कारण आजोबाचं नाव म्हणूनही ते ठेवलेलं असू शकतं.

## ३. कोतवाल बुक: मृत्यूपासून सुरुवात करा

गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू बुकात लिहून ठाण्यावर कळवत असे. ही बुकं आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात. अर्जात गावाचं नाव, सालं आणि ‘जन्म-मृत्यू नोंद’ असं स्पष्ट लिहा. गाव पूर्वी दुसऱ्या तहसिलीत होतं का, हेही आधी विचारून घ्या, कारण बुकं जुन्या तहसिलीतच राहिलेली असू शकतात.

लोक जन्माच्या नोंदी चाळत बसतात. त्यात मुलाचं नाव बहुधा नसतंच. ‘अमुक वल्द तमुक याला मुलगा झाला’ एवढंच असतं. दहा जन्म सापडले तरी त्यातलं जगलं कोण, हे त्यावरून कळत नाही. मृत्यूच्या नोंदीत मात्र वय असतं, आणि तान्ह्या मुलाचं वय महिन्यांत लिहिलेलं असतं. त्यावरून जन्माचा महिना मागे मोजता येतो. म्हणून ठरवलेल्या सगळ्या वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी आधी पाहा आणि मग जन्माच्या.

गणपतच्या गावी मृत्यूच्या नोंदी अशा मिळाल्या:

- २ एप्रिल १९३३, मुलगी, वय ५ महिने
- १७ ऑगस्ट १९३७, मुलगा, वय ८ महिने
- १० जानेवारी १९४५, मुलगी, वय १ महिना

त्याच गावी जन्माच्या नोंदी:

- ३ फेब्रुवारी १९३५, मुलगा
- ८ डिसेंबर १९३६, मुलगा
- २१ जुलै १९३९, मुलगा
- ५ मार्च १९४२, मुलगी
- १८ जून १९४४, मुलगा (फक्त ‘गणपत’, वल्द लिहिलेलं नाही)
- १९ सप्टेंबर १९४७, मुलगा

तपासा: प्रत्येक नोंदीत ‘वल्द’ आणि जात दोन्ही जुळतात का? एकच जुळत असेल तर नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाका. ती खोडू नका आणि मान्यही करू नका.

सावधान: जन्माची तारीख आणि कोतवालाने कळवल्याची तारीख वेगळी असू शकते. दोन तारखा दिसल्या तर रकान्याचं शीर्षक बुकाच्या पहिल्या पानावर पाहा. मधल्या पानांवर ते पुष्कळदा लिहिलेलं नसतं.

## ४. मृत्यूला जन्म जोडा

आता कागदावर प्रत्येक मृत्यूची रेघ एका जन्माला जोडायची. नियम सोपा आहे: मृत्यूच्या तारखेतून वय वजा करा आणि त्या सुमाराला त्याच लिंगाचा जन्म आहे का ते पाहा.

१७ ऑगस्ट १९३७ ला गेलेला मुलगा ८ महिन्यांचा होता. आठ महिने मागे गेलं की डिसेंबर १९३६ येतो. ८ डिसेंबर १९३६ चा जन्म नेमका बसतो. १९३५ चा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा असता, म्हणून तो हा नव्हे. यावरून १९३५ चा मुलगा तान्हेपणी गेलेला नाही हेही कळलं. मग तो वारस यादीत का नाही? या प्रश्नाची नोंद करून ठेवा, त्याचं उत्तर सहाव्या टप्प्यात मिळेल.

२ एप्रिल १९३३ ला गेलेली मुलगी ५ महिन्यांची होती. म्हणजे जन्म ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर १९३२ चा. गावच्या बुकात तो नाही. पहिलं बाळंतपण असल्याने माहेरच्या गावचं बुक पाहायचं. तिथे ती नोंद जनाबाईच्या वडिलांच्या नावाखाली, ‘अमुकच्या मुलीला मुलगी झाली’ अशा मजकुराने असू शकते. म्हणून माहेरी दोन्ही नावं शोधा: जावयाचं आणि सासऱ्याचं. आपल्या कुटुंबात १२ नोव्हेंबर १९३२ ची नोंद तिथेच सापडली.

१० जानेवारी १९४५ ला गेलेल्या मुलीचा जन्म दोन्ही गावांत नाही. तरीही ती मुलगी होतीच, कारण मृत्यूची नोंद वल्दसकट जुळते. तिच्यापुढे ‘जन्म अंदाजे डिसेंबर १९४४, मृत्यूच्या वयावरून’ असं लिहा. ‘एक महिना’ हे वय मोघम असतं, त्यामुळे एक-दोन आठवड्यांचा नेमकेपणा त्यातून काढू नका.

## ५. अंतरं मोजा

सलग दोन बाळंतपणांमधलं अंतर महिन्यांत लिहून काढा. अंगावर पिणारं मूल असताना पुढचं मूल सहसा लवकर राहत नाही, म्हणून त्या काळी साधारण दोन ते तीन वर्षांचं अंतर दिसतं. तान्हं मूल गेलं तर पुढचं त्यामानाने लवकर येऊ शकतं. यावरून दोन कामं होतात.

पहिलं, राहिलेली मुलं कळतात. फक्त गावातले वल्द जुळलेले जन्म घेतले, तर १९४२ आणि १९४७ यांच्यात साडेपाच वर्षांची पोकळी पडते. चार वर्षांहून मोठी पोकळी दिसली की तिथे एक मूल राहिलं असं समजून माहेरचं बुक, मृत्यूच्या नोंदी आणि मावशीची आठवण पुन्हा तपासा. इथे १९४४ ची मुलगी घातल्यावर दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस महिन्यांचं अंतर राहतं, जे इतर अंतरांशी जुळतं. पोकळीचं कारण वेगळंही असू शकतं: नवरा कामासाठी परगावी असेल, किंवा आई आजारी असेल. पोकळीमुळे मूल सिद्ध होत नाही, फक्त कुठे शोधायचं ते कळतं.

दुसरं, चुकीच्या नोंदी गळतात. १८ जून १९४४ ला ‘गणपत’ला मुलगा झाल्याची नोंद आठवा. पोकळी भरून काढणारी म्हणून ती हातात घ्यावीशी वाटते. पण जनाबाईला डिसेंबर १९४४ च्या सुमाराला मुलगी झाली. सहा महिन्यांत एका आईला दोन बाळंतपणं होत नाहीत. म्हणजे तो मुलगा गावातल्या दुसऱ्या गणपतचा, नाहीतर याच गणपतच्या दुसऱ्या बायकोचा. मतदार यादी आणि खातेदारांची नावं पाहिल्यावर त्याच गावात गणपत वल्द सखाराम निघाला. आपल्या गणपतला दुसरी बायको नव्हती, हे आत्या आणि मावशी दोघींनी वेगवेगळं सांगितलं. तेव्हाच ती नोंद बाजूला काढली.

तपासा: यादीतल्या कुठल्याही दोन जन्मांत नऊ महिन्यांहून कमी अंतर आहे का? एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी दोन जन्म असतील तर ती जुळी असू शकतात. त्याहून मोठं, पण नऊ महिन्यांच्या बरंच आतलं अंतर म्हणजे बाप वेगळा किंवा आई वेगळी.

## ६. दाखल खारीज रजिस्टरातून नावं घाला

आतापर्यंतचा क्रम बिननावाचा आहे. नावं शाळेतून येतात. गावच्या प्राथमिक शाळेचं दाखल खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असतं. वडिलांच्या नावावरून सगळी भावंडं काढा, फक्त ओळखीची नव्हेत.

गणपतच्या नावाखाली तिथे शंकर सापडला: दाखल जुलै १९४१, जन्मतारीख १ जुलै १९३५. हाच तो १९३५ चा मुलगा. १९५४ च्या मृत्यूच्या नोंदीत ‘गणपत वल्द तुकाराम याचा मुलगा, वय १९, अविवाहित’ असं निघालं आणि वारस यादीत तो का नाही याचा उलगडा झाला. पहिल्या फेरीत ही नोंद सुटली, कारण शोध १९५० ला थांबवला होता. जन्म थांबल्यावरही मृत्यूच्या नोंदी बापाच्या मृत्यूपर्यंत पाहायच्या असतात.

उकंडराव जुलै १९४६ ला दाखल झाला, तिथे जन्मतारीख १ जुलै १९४०. कोतवाल बुकात २१ जुलै १९३९ आहे. दोन्ही भावांची शाळेतली तारीख दाखल होण्याच्या दिवसातून नेमकी सहा वर्षं वजा केलेली आहे. गुरुजींनी वय सहा धरून तारीख लिहून टाकली. १ जून किंवा १ जुलै अशी जन्मतारीख दिसली की ती जन्मक्रमासाठी वापरू नका. क्रमासाठी कोतवाल बुक आणि नावासाठी शाळा, असं धरा.

सावधान: गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवलेलं असू शकतं. एकाच नावाचे दोन भाऊ दिसले तर ती नक्कल समजून एक काढून टाकू नका, आधी तारखा पाहा.

## ७. १९७० नंतरची भावंडं असतील तर

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. शोध घेण्याची आणि उतारा मागण्याची तरतूद त्याच्या कलम १७ मध्ये आहे. जन्माच्या अहवालात ‘या मुलासह आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं’ असा प्रश्न असतो. त्यात नंतर गेलेली मुलंही मोजली जातात, म्हणून हा आकडा सोन्यासारखा. पण तो सांख्यिकी भागात असतो, दाखल्यावर छापला जात नाही.

घरात आईचे दवाखान्याचे जुने कागद असतील तर ते नक्की काढा. नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालय, कुठलाही प्रसूतीचा केसपेपर असो, त्यावर अशी ओळ असते:

```
G4 P3 A0 L2
```

अर्थ असा: हे चौथं गर्भारपण, आधी तीन बाळंतपणं झाली, गर्भपात एकही नाही, हयात मुलं दोन. म्हणजे तीनातलं एक मूल गेलेलं आहे, आणि आत्ता जन्मणारं मूल चौथं आहे. दोन खोचा ध्यानात ठेवा. `P` मध्ये बाळंतपणं मोजतात, मुलं नव्हे, म्हणून जुळं झालं असेल तर `P1 L2` असं दिसतं आणि त्यात चूक काही नाही. आणि उपजत मेलेलं मूलही `P` मध्ये येतं, त्यामुळे गेलेलं मूल जिवंत जन्मलं होतं की नाही, हे एवढ्या ओळीवरून ठरत नाही.

## ८. निकाल लिहा

उपजत मृत मुलांना क्रमांक द्यायचा की नाही, हे आधी ठरवा आणि कागदाच्या माथ्यावर लिहा. नोंदीत त्यांचा रकाना वेगळा असतो, म्हणून क्रमांक न देता मधल्या ओळीत त्यांची नोंद ठेवणं बरं. गणपत-जनाबाईंची यादी अशी झाली:

1. मुलगी, १२ नोव्हेंबर १९३२ (माहेरी), मृत्यू २ एप्रिल १९३३
2. शंकर, ३ फेब्रुवारी १९३५, मृत्यू १९५४, अविवाहित
3. मुलगा, ८ डिसेंबर १९३६, मृत्यू १७ ऑगस्ट १९३७
4. उकंडराव, २१ जुलै १९३९
5. कौसल्या, ५ मार्च १९४२
6. मुलगी, अंदाजे डिसेंबर १९४४ (जन्मनोंद नाही), मृत्यू १० जानेवारी १९४५
7. रामदास, १९ सप्टेंबर १९४७

घरात थोरला समजला जाणारा उकंडराव जन्माने चौथा आणि मुलग्यांत तिसरा आहे.

प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ‘नोंद’ (जन्माची नक्कल हाती आहे), ‘काढलेलं’ (वयावरून किंवा इतर नोंदीवरून) किंवा ‘ऐकीव’ (फक्त घरच्यांची आठवण). जी नोंद मिळाली नाही, तिथे कोणत्या गावाची कोणती सालं पाहिली तेही लिहा. ‘सापडली नाही’ एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस तीच बुकं पुन्हा चाळत बसेल. १९७० नंतरच्या जन्माची नोंद मिळाली नाही तर निबंधकाकडून नमुना १० मधला अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि त्यावर शोधाची सालं आली आहेत का, ते काउंटरवरच वाचून पाहा.

ही यादी जात पडताळणीच्या वंशावळीला जोडायची असेल, तर प्रतिज्ञापत्रात ‘ऐकीव’ ओळी घालू नका. ‘काढलेलं’ असलेल्या ओळीत ‘अंदाजे’ हा शब्द ठेवा आणि ज्या मृत्यूच्या नोंदीवरून ती काढली, तिची नक्कल सोबत लावा.